एक वाक्य, दोन संख्यापक, दोन अर्थ: व्याप्तीच्या संदिग्धतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठी, भाषाविज्ञान किंवा तर्कशास्त्र शिकणारे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं सुटी वाचली तरी समजावीत अशी लिहिली आहेत. उदाहरणाचं वाक्य मात्र शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे, म्हणजे सूत्रं एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात:

*प्रत्येक विद्यार्थ्यानं एक किल्ला पाहिला.*

१. या वाक्याला दोन अर्थ आहेत म्हणजे नेमकं काय? मला तर एकच दिसतो.

तीन विद्यार्थी घेऊ: एक पेडण्याचा, एक म्हापशाचा, एक काणकोणचा. समजा, पेडण्याच्या विद्यार्थ्यानं तेरेखोल पाहिला, म्हापशाच्यानं शापोरा आणि काणकोणच्यानं काब द राम. ही परिस्थिती 'अ'. आता दुसरी परिस्थिती: तिघंही आग्वादला गेले आणि त्यांनी दुसरा कुठलाच किल्ला पाहिला नाही. ही परिस्थिती 'आ'.

वाक्याचा एक अर्थ असा, की विद्यार्थी कोणताही निवडा, त्यानं पाहिलेला एखादा तरी किल्ला सापडतो. किल्ला ज्याचा त्याचा वेगळा असला तरी चालतं. हा अर्थ 'अ' मध्येही खरा आहे आणि 'आ' मध्येही. दुसरा अर्थ असा, की एक किल्ला असा आहे जो सगळ्यांनी पाहिला. हा 'आ' मध्ये खरा आहे, 'अ' मध्ये खोटा.

'प्रत्येक' आणि 'एक' हे संख्यापक, म्हणजे किती वस्तूंबद्दल बोलतोय ते सांगणारे शब्द. संख्यापकाचा अंमल वाक्यात जिथवर चालतो ती त्याची व्याप्ती. पहिल्या अर्थात 'प्रत्येक'ची व्याप्ती मोठी आहे आणि 'एक' तिच्या पोटात आहे. दुसऱ्यात उलट. पहिला अर्थ तुम्हाला चटकन दिसतो आणि दुसरा दिसत नाही, याचं कारण मराठी शब्दक्रमात आहे. ते प्रश्न १० मध्ये येईल.

२. शब्द तेच, व्याकरण तेच. मग दुसरा अर्थ येतो कुठून?

'किल्ला' या शब्दाला दोन अर्थ नाहीत, 'पाहिला'लाही नाहीत. फरक जोडणीच्या क्रमात आहे. वाक्याचा अर्थ त्याच्या भागांचे अर्थ आणि ते भाग कसे जोडले यावरून ठरतो, हे रचनात्मक अर्थविचाराचं मूळ तत्त्व. भाग तेच असून अर्थ दोन निघत असतील, तर जोडणी दोन प्रकारे होत असली पाहिजे. लॅम्डा मांडणी वापरायची ती यासाठी, की या दोन जोडण्या पायरी-पायरीनं कागदावर दिसतात. पूर्ण गणित प्रश्न ६ मध्ये आहे.

३. `e`, `t` आणि `λ` यांचा अर्थ थोडक्यात सांगाल का?

`e` हा वस्तूंचा टाइप: पेडण्याचा विद्यार्थी, आग्वादचा किल्ला, मांडवी नदी. `t` हा सत्यतामूल्याचा टाइप: खरं किंवा खोटं. बाकी सगळे टाइप या दोघांपासून बनतात. `⟨a,b⟩` म्हणजे `a` टाइपची गोष्ट घेऊन `b` टाइपची गोष्ट देणारं फलन. 'किल्ला' हा शब्द एखादी वस्तू घेतो आणि ती किल्ला आहे की नाही ते सांगतो, म्हणून त्याचा टाइप `⟨e,t⟩`.

`λx.किल्ला(x)` हे त्याच फलनाचं लेखन: 'मला एक `x` द्या, तो किल्ला आहे का ते सांगतो.' फलनाला काही दिलं, की `λ` गळतो आणि चलाच्या जागी दिलेली गोष्ट बसते. टाइपांची बंधनं घातलेला हा लॅम्डा कलन अलोन्झो चर्च यांनी १९४० मध्ये मांडला. नैसर्गिक भाषेतल्या संख्यापकांना तो काटेकोरपणे लावला रिचर्ड मॉन्टेग्यू यांनी. त्यांचा तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

४. 'प्रत्येक विद्यार्थी' हेही नामच ना? मग त्याचा टाइप `e` का नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो टाळून पुढे गेलं तर पुढचं काहीच पटत नाही. एक चाचणी करू. पेडण्याच्या विद्यार्थ्याबद्दल असं म्हणा: 'तो उत्तर गोव्यात राहतो, किंवा तो उत्तर गोव्याबाहेर राहतो.' हे नेहमीच खरं. कुठल्याही एका माणसाबद्दल ते खरंच असणार.

आता त्याच साच्यात 'प्रत्येक विद्यार्थी' घाला: 'प्रत्येक विद्यार्थी उत्तर गोव्यात राहतो, किंवा प्रत्येक विद्यार्थी उत्तर गोव्याबाहेर राहतो.' आपल्या तिघांच्या बाबतीत हे खोटं आहे, कारण पेडणे आणि म्हापसा उत्तरेत आहेत, काणकोण दक्षिणेत. 'प्रत्येक विद्यार्थी' हे एखाद्या वस्तूचं नाव असतं, तर हे वाक्य खोटं ठरूच शकलं नसतं.

म्हणजे 'प्रत्येक विद्यार्थी' कुणा एकाकडे बोट दाखवत नाही. तो एक गुणधर्म घेतो (उत्तर गोव्यात राहण्याचा) आणि तो सगळ्या विद्यार्थ्यांना लागू आहे का ते सांगतो. गुणधर्माचा टाइप `⟨e,t⟩`, उत्तराचा `t`, म्हणून 'प्रत्येक विद्यार्थी'चा टाइप `⟨⟨e,t⟩,t⟩`. नुसता 'प्रत्येक' त्याआधी नाम घेतो, म्हणून त्याचा टाइप `⟨⟨e,t⟩,⟨⟨e,t⟩,t⟩⟩`.

```
प्रत्येक = λP.λQ.∀x[P(x) → Q(x)]
एक     = λP.λQ.∃y[P(y) ∧ Q(y)]
```

`∀x` म्हणजे 'कोणताही `x` घ्या', `∃y` म्हणजे 'एखादा तरी `y` आहे', `→` म्हणजे 'असेल तर' आणि `∧` म्हणजे 'आणि'. `P` मध्ये नाम बसतं, `Q` मध्ये वाक्याचा उरलेला भाग.

५. 'प्रत्येक'ला `→` आणि 'एक'ला `∧` असं का? दोन्हीकडे एकच चिन्ह घेतलं तर?

घेऊन बघा. 'एक'ला `→` दिलं तर `∃y[किल्ला(y) → Q(y)]` मिळतं. किल्ला नसलेली एक जरी वस्तू जगात असली तरी हे खरं ठरतं, कारण `→` ची डावी बाजू खोटी असली की पूर्ण विधान खरं. मांडवी नदी किल्ला नाही, तेवढ्यानं वाक्य खरं झालं. कुणी काही पाहिलं की नाही हा प्रश्नच उरला नाही. 'प्रत्येक'ला `∧` दिलं तर जगातली एकूण एक वस्तू विद्यार्थी आहे असं म्हटल्यासारखं होतं, मांडवीसकट. उत्तरपत्रिकांत हीच चूक सर्वाधिक दिसते. सूत्र लिहून झालं की त्यात मांडवी घालून बघायची, चूक लगेच दिसते.

६. दोन्ही अर्थांचं पूर्ण गणित पायरी-पायरीनं करून दाखवा.

क्रियापदापासून सुरुवात करू. 'पाहिला' आधी कर्म घेतो, मग कर्ता:

```
पाहिला = λy.λx.पाहिला(x,y)      टाइप ⟨e,⟨e,t⟩⟩
```

इथेच अडतं. क्रियापदाला कर्माच्या जागी `e` हवा आहे आणि आपण देतोय 'एक किल्ला', ज्याचा टाइप `⟨⟨e,t⟩,t⟩`. उलट दिशेनं जोडावं तर 'एक किल्ला'ला `⟨e,t⟩` हवा आहे आणि क्रियापद आहे `⟨e,⟨e,t⟩⟩`. दोघांपैकी कुणीच कुणाला घेऊ शकत नाही. कर्त्याला ही अडचण येत नाही, कारण कर्म मिळाल्यावर उरणारा भाग `⟨e,t⟩` असतो आणि 'प्रत्येक विद्यार्थी'ला तोच हवा असतो. अडचण फक्त कर्मस्थानी आहे, आणि ती सोडवतानाच संदिग्धता हाती येते.

सोडवायची रीत अशी. दोन्ही नामपदं बाजूला काढून ठेवा. त्यांच्या जागी `e` टाइपचे दोन चल ठेवा, कर्त्याच्या जागी `u`, कर्माच्या जागी `v`. मिळतं `पाहिला(u,v)`, टाइप `t`. आता बाजूला ठेवलेली नामपदं एकेक करून परत आणायची. परत आणताना आधी त्या नामपदाच्या चलावर `λ` लावायचा, म्हणजे `⟨e,t⟩` तयार होतो, आणि मग नामपद त्याला लावायचं. कुठलं नामपद आधी आणायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

आधी 'एक किल्ला' आणला तर:

```
λv.पाहिला(u,v)
∃y[किल्ला(y) ∧ पाहिला(u,y)]
λu.∃y[किल्ला(y) ∧ पाहिला(u,y)]
∀x[विद्यार्थी(x) → ∃y[किल्ला(y) ∧ पाहिला(x,y)]]
```

तिसरी ओळ थांबून वाचा. `λu` पासून सुरू होणारी ती ओळ म्हणजे 'एखादा तरी किल्ला पाहिलेला असणं' हा गुणधर्म. पेडण्याचा विद्यार्थी तो गुणधर्म तेरेखोलच्या जोरावर मिळवतो, काणकोणचा काब द रामच्या. चौथ्या ओळीत 'प्रत्येक विद्यार्थी' एवढंच सांगतो की तो गुणधर्म सगळ्यांकडे आहे. किल्ला बदलू शकतो, कारण `∃y` दर विद्यार्थ्यामागे नव्यानं तपासला जातो.

आता आधी 'प्रत्येक विद्यार्थी' आणू:

```
λu.पाहिला(u,v)
∀x[विद्यार्थी(x) → पाहिला(x,v)]
λv.∀x[विद्यार्थी(x) → पाहिला(x,v)]
∃y[किल्ला(y) ∧ ∀x[विद्यार्थी(x) → पाहिला(x,y)]]
```

या वेळी तिसऱ्या ओळीतला गुणधर्म किल्ल्याचा आहे: 'सगळ्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला असणं'. आग्वादकडे तो 'आ' परिस्थितीत आहे. 'अ' मध्ये एकाही किल्ल्याकडे नाही.

जे नामपद शेवटी आणलं, त्याची व्याप्ती मोठी. दोन्ही गणितांत वापरलेले शब्दार्थ अक्षर न् अक्षर सारखे आहेत.

७. माझ्या सूत्रात 'किल्ल्यानं स्वतःला पाहिलं' असं काहीतरी येतंय. कुठे चुकलं?

बहुधा दोन्ही जागांना एकच चल दिला आहे. दोन्हीकडे `u` ठेवला तर `पाहिला(u,u)` मिळतं. 'एक किल्ला' परत आणताना लावलेला `λu` दोन्ही जागा एकदम पकडतो आणि `∃y[किल्ला(y) ∧ पाहिला(y,y)]` हाती येतं. त्यानंतर 'प्रत्येक विद्यार्थी' आणला तर त्याच्यासाठी जागाच उरलेली नसते:

```
∀x[विद्यार्थी(x) → ∃y[किल्ला(y) ∧ पाहिला(y,y)]]
```

`→` च्या उजवीकडे `x` कुठेच नाही, हीच खूण.

याचा चुलतभाऊही आहे. जागा वेगळ्या ठेवल्या, पण 'एक किल्ला' लिहिताना आतला चल `x` घेतला आणि वाक्यात आधीच एक मोकळा `x` होता, म्हणजे कुठल्याच `∀`, `∃` किंवा `λ` नं न बांधलेला. बदली करताना आतला `∃x` त्या मोकळ्या `x` लाही गिळतो. म्हणून बदली करण्याआधी आतल्या बद्ध चलाचं नाव बदलायचं. `∃x` ऐवजी `∃z` केल्यानं अर्थ बदलत नाही, गोंधळ मात्र टळतो.

८. नामपदं 'बाजूला काढणं' ही निव्वळ कागदावरची युक्ती नाही का?

त्यावर खरोखर वाद आहे. मॉन्टेग्यू यांनी चल ठेवून नंतर नामपद आत आणण्याचा नियम वाक्यरचनेतच घातला. रॉबर्ट मे यांनी १९७७ मध्ये मांडलं, की नामपद कानाला न ऐकू येणाऱ्या पातळीवर वाक्याच्या वरच्या टोकाला सरकतं. रॉबिन कूपर यांनी १९७५ मध्ये वाक्यरचनेला हात न लावता नामपदाचा अर्थ एका साठ्यात ठेवून हवा तेव्हा काढण्याची पद्धत दिली.

मला स्वतःला चौथा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो. तो हर्मन हेन्ड्रिक्स यांनी १९९३ च्या प्रबंधात सविस्तर मांडला. तिथे काहीच हलत नाही, क्रियापदाचाच टाइप वाढवला जातो, म्हणजे ते `e` ऐवजी थेट संख्यापक पदं घेऊ लागतं. कर्माची जागा आधी वाढवली की कर्त्याची, यावर दोन वेगळी क्रियापदं मिळतात (`K` कर्म, `S` कर्ता):

```
λK.λS.S(λx.K(λy.पाहिला(x,y)))
λK.λS.K(λy.S(λx.पाहिला(x,y)))
```

`K` च्या जागी 'एक किल्ला' आणि `S` च्या जागी 'प्रत्येक विद्यार्थी' घाला. पहिल्यातून प्रश्न ६ मधलं पहिलं सूत्र निघतं, दुसऱ्यातून दुसरं. करून बघाच. या दोन ओळींत `S` आणि `K` यांच्या, आपापल्या `λx` आणि `λy` सकट झालेल्या, जागांची अदलाबदल सोडून काहीही वेगळं नाही.

९. दुसरा अर्थ खरा असला की पहिला आपोआप खराच असतो. मग तो वेगळा अर्थ कशाला मानायचा?

निरीक्षण अचूक आहे. सगळ्यांनी आग्वाद पाहिला असेल, तर प्रत्येकानं काहीतरी पाहिलं हे आलंच. त्यामुळे 'आ' परिस्थिती दाखवून 'वाक्य खरं आहे ना?' असं विचारलं, तर 'हो' या उत्तरावरून काहीच सिद्ध होत नाही. वाक्याला फक्त पहिला अर्थ असता तरी उत्तर 'हो'च आलं असतं.

म्हणून चाचणीसाठी 'एक' बदलून 'नेमका एक' घ्यायचा. तिसरी परिस्थिती 'इ' अशी: तिघांनीही आग्वाद पाहिला आणि पेडण्याच्या विद्यार्थ्यानं शिवाय तेरेखोलही पाहिला. 'विद्यार्थी कोणताही घ्या, त्यानं नेमका एकच किल्ला पाहिला' हा अर्थ आता खोटा, कारण पेडण्याच्यानं दोन पाहिले. 'सगळ्यांनी पाहिलेला किल्ला नेमका एकच आहे' हा अर्थ मात्र खरा. 'अ' मध्ये बरोबर उलट: पहिला खरा, दुसरा खोटा. आता कुठलाच अर्थ दुसऱ्याच्या पोटात नाही, आणि लोकांच्या उत्तरावरून त्यांना कुठला अर्थ लागला हे खरोखर कळतं.

१०. मराठीत शब्दक्रम बदलला तर व्याप्ती बदलते का?

बदलते, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकातली उदाहरणं जशीच्या तशी मराठीत आणणाऱ्यांची गाडी इथेच अडकते. हे वाक्य मोठ्यानं म्हणा: *एका विद्यार्थ्यानं प्रत्येक किल्ला पाहिला.* एकच विद्यार्थी सगळे किल्ले पालथे घालतो, हाच अर्थ ठळकपणे येतो. 'दर किल्ल्याला कुणीतरी वेगळा गेला' हा अर्थ साध्या सुरात काढणं फार कठीण जातं. इंग्रजीत याच रचनेतून तो सहज निघतो, असं तिथले अभ्यासक धरून चालतात.

आता कर्म पुढे आणा: *प्रत्येक किल्ला एका विद्यार्थ्यानं पाहिला.* हवा तो अर्थ लगेच मिळतो. तसंच *एक किल्ला प्रत्येक विद्यार्थ्यानं पाहिला* म्हटलं, की आग्वादचा अर्थ पुढे येतो. प्रश्न ९ मधली चाचणीही याच क्रमात लावा: *नेमका एक किल्ला प्रत्येक विद्यार्थ्यानं पाहिला.* 'इ' परिस्थितीत हे वाक्य मान्य करणारे सहज सापडतात. कर्ता पुढे असलेल्या क्रमात तेच मान्य करताना लोक अडखळतात.

प्रश्न ६ मधल्या दोन्ही वाटा टाइपांच्या दृष्टीनं कायम खुल्या आहेत. त्यांतली कुठली घ्यायची, हे मराठी बोलणारा शब्द कुठल्या क्रमानं ठेवतो त्यावरून बरंचसं सांगून टाकतो. 'बरंचसं' असं मुद्दाम म्हणतो आहे. कर्म पुढे आणलेल्या वाक्यात अनेकांना दोन्ही अर्थ लागतात, आणि जोर कुठल्या शब्दावर दिला त्यानं उत्तर फिरतं. चाचणी घेताना वाक्य एकाच सुरात वाचून दाखवा, नाहीतर मोजमाप सुराचं होईल.

११. 'एकेक किल्ला' म्हटलं तर?

संदिग्धता संपते. *प्रत्येक विद्यार्थ्यानं एकेक किल्ला पाहिला* याला फक्त पहिला अर्थ आहे. 'एकेक'ला वाटप करणारं कुणीतरी वर लागतं, म्हणून त्याची व्याप्ती 'प्रत्येक'च्या आतच राहते. उलट टोकाला 'एक ठरावीक किल्ला' म्हटलं की दुसरा अर्थ जवळजवळ पक्का होतो.

१२. 'नं' प्रत्ययाचा आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालण्याचा काही परिणाम होतो का?

या गणितात नाही. 'नं' कर्ता ओळखून देतो, म्हणजे `x` कुठला आणि `y` कुठला ते सांगतो. तो नसता तर शब्द मागेपुढे केल्यावर कुणी कुणाला पाहिलं हेच कळलं नसतं.

१३. घरी आम्ही कोंकणी बोलतो. तिथे हेच लागू आहे?

*दरेका विद्यार्थ्यान एक किल्लो पळयलो.* टाइप तेच, 'दरेक'चं सूत्र 'प्रत्येक'चंच, अडचणही कर्मस्थानीच. प्रश्न ६ शब्द बदलून जसाच्या तसा करता येईल. शब्दक्रमाची चाचणी मात्र कोंकणीत वेगळी करा, मराठीचं उत्तर तिच्यावर लादू नका. दोन्ही भाषा बोलणाऱ्याला दोन्हीकडे विचारता येतं, आणि गोव्यात अशी माणसं घरोघरी आहेत.

१४. संख्यापक कुठूनही बाहेर काढता येतो का?

नाही. *प्रत्येक किल्ला पाहिलेल्या एका विद्यार्थ्याला बक्षीस मिळालं.* इथे सगळे किल्ले पाहिलेला विद्यार्थी, एवढाच अर्थ आहे. 'दर किल्ल्यामागे एक विद्यार्थी, ज्यानं तो पाहिला' असा अर्थ येत नाही. 'पाहिलेल्या'नं बनलेल्या उपवाक्याची भिंत 'प्रत्येक'ला ओलांडता येत नाही.

'एक'ला मात्र ती भिंत अडवत नाही. *एक किल्ला पाहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला बक्षीस मिळालं* याचा अर्थ असाही लागतो, की आग्वादसारखा एक विशिष्ट किल्ला होता आणि तो पाहिलेल्या सगळ्यांना बक्षीस मिळालं. 'एक' खरोखर भिंतीपलीकडे जातो, की मुळात तो वेगळ्याच जातीचा आहे आणि किल्ला निवडून देणाऱ्या फलनासारखा वागतो, यावर १९८० च्या दशकापासून लिहिलं जात आहे. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, कारण पहिलं मानलं तर 'एक'साठी भिंतीचा नियमच मोडावा लागतो.

१५. तीन संख्यापक असले तर अर्थ सहा का?

तिघांचे क्रम सहा होतात, पण सहाही अर्थ मिळतीलच असं नाही. *प्रत्येक तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं एक किल्ला पाहिला.* इथे 'प्रत्येक तालुका' हा 'एका विद्यार्थ्या'च्या पोटात बसलेला आहे. तालुक्याचा चल `w` धरू. समजा, सगळ्यांत आधी, म्हणजे सगळ्यांत आत, 'प्रत्येक तालुका' आणला, मग 'एक किल्ला', आणि शेवटी 'एक विद्यार्थी'. विद्यार्थी हे पद स्वतःबरोबर 'w मधला' हा तुकडा घेऊन सगळ्यांत बाहेर येतं, पण `w` ला बांधणारा `∀w` आधीच आत वापरून झालेला असतो:

```
∃x[विद्यार्थी(x) ∧ मधला(x,w) ∧ ∃y[किल्ला(y) ∧ ∀w[तालुका(w) → पाहिला(x,y)]]]
```

डावीकडचा `w` मोकळा राहिला आणि `∀w` च्या आत बांधायला `w` उरलाच नाही. हे कुठल्याच वाक्याचा अर्थ असू शकत नाही. जेरी हॉब्ज आणि स्टुअर्ट शीबर यांनी १९८७ मध्ये अशा रचनेसाठी दाखवलं, की सहापैकी हा एक क्रम बाद होतो आणि पाच उरतात. कूपर यांच्या साठ्याच्या मूळ पद्धतीतून असे मोकळे चल असलेले निकाल बाहेर पडत होते. पुढे एका साठ्याच्या आत दुसरा साठा ठेवून ती वाट बंद केली गेली: पोटातलं पद आपल्या घरधन्याआधी बाहेर काढताच येणार नाही, अशी सोय झाली.

उरलेल्या पाचांपैकीही 'एकच विद्यार्थी, जो प्रत्येक तालुक्यातला आहे' या धर्तीचे अर्थ तर्कानं निर्दोष असले तरी कुणाच्या मनात येत नाहीत, कारण एक माणूस सगळ्या तालुक्यांतला नसतो. सूत्राला ते वगळता येत नाहीत. ते वगळतं आपलं जगाचं ज्ञान.